मामाला आहे, भाच्याला आहे, मग आईला का नाही? खवल्यांची त्वचा, कोरडी त्वचा आणि एक्झिमा

प्रश्न: "माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. आम्ही देवगडजवळ राहतो. तो तीन महिन्यांचा असल्यापासून पायांवर माशाच्या खवल्यांसारखी कातडी आहे. आता मानेवर आणि पोटावरही मळकट तपकिरी चट्टे दिसतात. खाज फारशी नाही. पावसाळ्यात कमी होतं, थंडीत वाढतं. माझ्या भावालाही लहानपणापासून असंच आहे, मला काहीच नाही. एक डॉक्टर म्हणाले साधी कोरडी त्वचा, दुसऱ्यांनी एक्झिमा म्हणून ट्यूब दिली, वर्षभर अधूनमधून लावतेय. सासूबाई म्हणतात तू नीट घासून आंघोळ घालत नाहीस. नक्की काय आहे हे? आणि धाकट्या मुलीला होईल का?"

उत्तर:

ताई, मुलाला समोर बसवून, हात लावून बघितल्याशिवाय कोणताही त्वचारोगतज्ज्ञ पक्कं निदान सांगणार नाही, मीही नाही सांगत. पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर माझा संशय एकाच दिशेला जातो: भावाला आहे, मुलाला आहे आणि तुम्हाला नाही. तिच्याकडे मी येतोच. आधी मूळ अडचण बघू. कोरडी त्वचा, एक्झिमा आणि इक्थिओसिस म्हणजे खवल्यांची त्वचा, या तिन्हींत कातडी कोरडी दिसते, म्हणून तिन्हींना एकच क्रीम, एकच तेल आणि एकच सल्ला मिळतो. प्रत्यक्षात तिघांची कारणं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

साधी कोरडी त्वचा जन्मापासून ठरावीक जागी बसलेली नसते. कढत पाणी, जास्त साबण, वाढलेलं वय, डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची कोरडी हवा, अशा कारणांनी ती येते. नडगीवर पांढुरके कोंड्यासारखे कण दिसतात, नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते, पण खवल्यांना स्वतंत्र कडा नसतात. दोन आठवडे आंघोळीनंतर ओल्या अंगावर नीट क्रीम लावलं तर ती मऊ होते आणि क्रीम थांबवल्यावरही काही दिवस मऊ राहते. इक्थिओसिसमध्ये क्रीम थांबवलं की आठवड्याभरात तीच नक्षी त्याच जागी परत उमटायला लागते. घरी करता येईल अशी ही सगळ्यात सोपी पारख आहे.

एक्झिमाचं पहिलं लक्षण खाज. खाज नसेल तर मी एक्झिमा म्हणायला फार कचरतो. मूल रात्री झोपेत खाजवतं, चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, कातडी लाल होते, कधी चिकट पाणी सुटतं, जुनी झाली की जाड आणि काळपट होते. जागाही ठरलेल्या असतात. तान्ह्या बाळात गाल, मोठ्या मुलांत कोपराचा खळगा, गुडघ्यामागची लवण, मनगट, कानामागची चीर. शिवाय तो येतो-जातो, महिनाभर त्रास आणि मग काही आठवडे अगदी स्वच्छ कातडी. तुमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काही जुळत नाही.

आता इक्थिओसिस. याचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्याकडे ओपीडीत रोज दिसतात ते दोनच, आणि दोघांमधला फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

पहिला आणि सगळ्यात जास्त आढळणारा म्हणजे इक्थिओसिस व्हल्गॅरिस. साधारण 250 ते 1000 माणसांत एकाला असतो, म्हणजे प्रत्येक मोठ्या गावात असतोच. यात फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी बनतं. हे प्रथिन मोडून जे पदार्थ तयार होतात तेच कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवतात. त्याचा जीन या आजाराला जबाबदार आहे हे 2006 मध्ये सिद्ध झालं आणि त्याच वर्षी हेही कळलं की तोच दोष असलेल्यांना एक्झिमा होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणूनच एकाच मुलाला दोन्ही असणं अजिबात दुर्मिळ नाही. व्हल्गॅरिसचे खवले बारीक, पांढरे-करडे असतात, नडग्यांवर सर्वांत ठळक, आणि कोपराचे खळगे व गुडघ्यामागची लवण मोकळी राहते. दंडांवर आणि मांड्यांवर किसणीसारखे खरखरीत दाणे असतात. मी अशा मुलाचे तळहात नेहमी उजेडात धरून बघतो. त्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आणि खोल रेषा असतात, सहा वर्षांच्या मुलाचा हात साठीच्या शेतकऱ्यासारखा दिसतो. मग आई-वडिलांचे हात मागतो, आणि बहुतेक वेळा त्यांतला एक तळहात तसाच निघतो. ते म्हणतात, "माझी कातडी अशीच हो, थंडीत थोडी फुटते." हा आजार मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होतो आणि आई किंवा वडील यांच्यापैकी कुणाहीकडून येतो.

दुसरा प्रकार एक्स गुणसूत्रावरून येणारा. तो साधारण 2000 ते 6000 मुलग्यांत एकाला होतो, मुलींना जवळपास होतच नाही. यात स्टिरॉइड सल्फटेज नावाचं एन्झाइम नसतं, बहुतेकांत तर त्याचा जीनच गायब असतो. कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशी. त्या एकमेकींना सांध्यांनी धरलेल्या असतात, आणि वेळ झाली की हे सांधे सुटून पेशी नकळत गळून जातात. एन्झाइम नसेल तर कोलेस्टेरॉल सल्फेट नावाचा पदार्थ साठतो आणि सांधे सुटतच नाहीत. माडाची झावळ सुकली की देठ सैल होऊन आपसूक खाली येते. देठ सैलच झाला नाही तर सुक्या झावळ्या झाडालाच लोंबत राहतील. इथे तसंच होतं. नवी कातडी नेहमीच्याच वेगाने तयार होते, जुनी मात्र जागा सोडत नाही.

म्हणून याचे खवले मोठे, तपकिरी, कधी काळपट असतात. पायांबरोबर पोटावर, बरगड्यांच्या बाजूला, मानेच्या कडेला आणि कानापुढे दिसतात. मानेवरचा रंग बघून लोक हमखास मळ समजतात. सुरुवात लवकर होते, पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. तळहात मात्र अगदी नेहमीसारखे असतात. तळहातावरच्या रेषा साध्या, मानेवर तपकिरी खवले, मुलगा, तीन महिन्यांपासून, खाज नाही आणि मामाला तेच, हे सगळं एकत्र आलं की मी व्हल्गॅरिसपेक्षा या प्रकाराकडे झुकतो. तुम्ही आज एवढंच करा, मुलाचे तळहात खिडकीशी नेऊन बघा आणि शेजारी स्वतःचा व नवऱ्याचा तळहात धरा. मुलाचे आणि तुम्हा दोघांपैकी एकाचे तळहात रेषांनी भरलेले असतील तर माझा अंदाज बदलावा लागेल.

आता तुम्हाला का नाही ते बघू. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात. एकावर हा जीन नसला तरी दुसरं काम निभावतं, म्हणून तुमची कातडी चांगली. पुरुषाकडे एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. तो दोष असलेला आला तर आजार होतो. तुमच्या भावाला आणि मुलाला दोघांनाही हाच प्रकार असेल तर तुम्ही वाहक आहात हे नक्की, आणि तुमच्या आईही. यात तुमची चूक नाही, जशी डोळ्यांचा रंग देण्यात कुणाची नसते. पण सासूबाईंना हे सांगताना "आईकडून आलं" एवढंच वाक्य घरात उरणार नाही याची काळजी घ्या. मी शक्यतो मुलाच्या वडिलांना आणि आजीला समोर बसवून, कागदावर झाड काढून सांगतो, म्हणजे बाईवर बोल येत नाही.

धाकट्या मुलीला हा आजार होण्याची भीती बाळगू नका. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि वाहक असली तरी तिच्या त्वचेवर सहसा काही दिसत नाही. तुम्हाला पुढे मुलगा झाला तर त्याला होण्याची शक्यता निम्मी. तुमच्या भावाच्या सर्व मुली वाहक असतील, पण त्याच्या मुलग्यांना हा त्याच्याकडून जाणार नाही, कारण मुलग्याला बापाचा एक्स मिळतच नाही. उलट व्हल्गॅरिस निघाला तर हे सगळं गणित बदलतं, तेव्हा मुलगी-मुलगा सारखाच आणि दोन्ही घराण्यांतून येऊ शकतो. म्हणून आधी निदान, मग वंशाचा हिशोब.

या प्रकाराशी जोडलेल्या दोन गोष्टी मी विचारतो, तुम्हीही आठवा. एक म्हणजे प्रसूतीच्या वेळी कळा नीट सुरू न होणं किंवा पुढे न सरकणं. वारेतही हेच एन्झाइम नसतं, त्यामुळे असं होऊ शकतं, आणि "कळाच येईनात म्हणून सिझर केलं" हे वाक्य मी अशा आयांकडून ऐकतो. दुसरी म्हणजे वृषण खाली उतरलेत का. या मुलांमध्ये ते न उतरण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या. डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर बारीक ठिपके येऊ शकतात, पण त्यांनी नजर कमी होत नाही. जीनची तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते. निदान स्पष्ट असेल तर मी ती मागत नाही. पुढच्या गरोदरपणाचा प्रश्न असेल किंवा मुलाच्या शिकण्यात मोठी अडचण असेल, तर मात्र सुचवतो.

आता ट्यूबबद्दल. एक्झिमाच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. ते लाली आणि खाज शमवतं, पण न सुटणाऱ्या सांध्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. लावल्यावर थोडं बरं दिसतं ते त्यातल्या स्निग्ध भागामुळे, आणि तेवढ्याचसाठी कातडी पातळ होण्याचा, जांघेत व मांडीवर कायमच्या रेघा उमटण्याचा धोका घ्यायचा नाही. स्टिरॉइडबरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेली ट्यूब असेल तर ती तर नकोच. आपल्या दमट हवेत कुठे गजकर्ण लपलं असेल तर ते अशा ट्यूबने पसरतं. तुम्ही अधूनमधून लावताय, त्यामुळे बंद करून चालेल. पण रोज, मोठ्या भागावर, बरेच महिने लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांना दाखवा आणि कशी थांबवायची ते विचारा.

उन्हाळ्याच्या शेवटी दिलेलं औषध आपल्याकडे हमखास गुणकारी ठरतं, कारण जून लागला की हवेतला ओलावा वाढतो आणि खवले आपोआप विरतात. मग दिवाळीनंतर ते परत आले की घरातले म्हणतात, औषधाचा गुण गेला. त्या औषधाचा मुळात हात नव्हता. म्हणून कोणतंही क्रीम लागू पडतंय का हे डिसेंबर ते फेब्रुवारीतच ठरवा, आणि पाऊस संपता संपता, खवले दिसायच्या आधीच लावायला सुरुवात करा.

उपचार म्हणजे दोन कामं, पाणी आत धरायचं आणि सांधे सैल करायचे. क्रम असा ठेवा. कोमट पाण्याने आंघोळ, साबण फक्त काख, जांघ आणि पायाच्या तळव्यांना. बादलीने आंघोळ करणाऱ्या मुलाला पाणी मुरायला वेळ मिळत नाही, म्हणून आधी पायांवर आणि पोटावर ओला टॉवेल दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. मग मऊ कपड्याने हलकेच फिरवा. काथ्या, वजरी, नायलॉनची घासणी काही नको. खवला ओढून काढला तर खालची कातडी सोलते, आणि तिथेच चिरा पडतात. अंग टिपून, पूर्ण सुकायच्या आत, दोन-तीन मिनिटांत क्रीम. खोबरेल तेल वाईट नाही, पण ते पाणी धरत नाही, फक्त आहे ते झाकतं. कोरड्या अंगावर चोळलं तर खवले चकचकीत होतात, एवढंच. ओल्या अंगावर लावा.

सैल करायला युरिया लागतो. सहा वर्षांच्या मुलाला मी 5 ते 10 टक्क्यांचं युरिया क्रीम पाय आणि पोटासाठी देतो, चेहरा आणि खळगे सोडून. आधी हाताच्या छोट्या जागेवर दोन-तीन दिवस लावून बघा. थोडं चुरचुरणं चालतं, आग होत राहिली तर थांबवा. चिरलेल्या किंवा लाल कातडीवर युरिया लावायचाच नाही, तिथे आधी व्हॅसलिनने चिरा भरू द्या. तान्ह्या बाळाला युरिया स्वतःहून देऊ नका. आणि सॅलिसिलिक अॅसिडचं मलम मुलाच्या अंगभर कधीच नको. ते कातडीतून रक्तात जातं आणि मुलं त्याने आजारी पडतात.

उपचार फसतो तो बहुतेक वेळा मात्रेमुळे. विजयदुर्ग खाडीकडच्या एका गावातून साधारण याच वयाचा मुलगा यायचा. त्याच्या चड्डीच्या कडेखाली नडगीवर तपकिरी खवले बसलेले, मधोमध चिकटलेले आणि कडांनी किंचित उचललेले, बोट खालून वर फिरवलं की अडकायचं. क्रीम योग्य होतं, तरी फरक नव्हता. त्याच्या आईला मी विचारलं, ट्यूब किती दिवस पुरते? "महिना जातो, जपून वापरते," ती म्हणाली. ट्यूब तीस ग्रॅमची. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत क्रीम काढलं तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि त्यात मोठ्यांचे बोटांसकट दोन तळहात मावतील एवढी जागा भरते. या वयाच्या मुलाच्या अंगभर एकदा लावायला सुमारे 12 ग्रॅम लागतात, म्हणजे दोन वेळा लावलं तर दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास. महिनाभर पुरणारी ट्यूब म्हणजे रोज एक ग्रॅम. त्यांना युरियाची नळी फक्त नडग्यांसाठी ठेवायला सांगितलं, आणि बाकी अंगासाठी लिक्विड पॅराफिन आणि पांढरं पॅराफिन असलेलं मोठ्या डब्यातलं साधं मलम, जे कितीतरी स्वस्त पडतं. तीन-चार आठवड्यांत मानेवरचे चट्टे गेले, नडगीवरचे पातळ झाले. त्यानंतर युरिया आठवड्यातून तीनदा पुरेसा झाला.

तुम्हीही साधारण तेवढाच फरक अपेक्षित धरा. हा आजार जात नाही, आवाक्यात राहतो. व्हल्गॅरिस वयाबरोबर बराच सौम्य होतो, एक्सवरचा प्रकार मात्र आयुष्यभर सोबत असतो. एप्रिल-मे मध्ये घट्ट पॅराफिन अंगावर चिकटतं आणि घामोळं येतं, तेव्हा दिवसा पातळ लोशन आणि रात्री मलम असं करा. जाड खवल्यांखाली घाम नीट सुटत नाही, म्हणून भर दुपारी खेळताना ओलं फडकं मानेवर असू द्या. आणि एक धोका लक्षात ठेवा, पॅराफिन लागलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ, दिव्याजवळ मलम लावलेल्या मुलाला नेऊ नका.

मासे खाल्ल्याने हे होत नाही, म्हणून बांगडा-मोरी बंद करून मुलाचं पोषण कमी करू नका. गरोदरपणी मासे कापले, ग्रहण पाळलं नाही, यांचाही काही संबंध नाही. समुद्रात डुंबायला हरकत नाही, चिरा नसतील तर. नंतर गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच क्रीम लावा. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि माणूस जास्त साबण चोळतो. तिथे साबण पूर्ण टाळला तरी चालेल. हे स्पर्शाने पसरत नाही हे शाळेच्या बाईंना एका कागदावर लिहून द्या. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना मुद्दाम दाखवा, तिथून जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी मिळू शकते.

इतर वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण असं काही दिसलं तर थांबायचं नसतं. बाळ प्लॅस्टिकसारख्या ताणलेल्या पापुद्र्यात जन्मलं, किंवा खवल्यांबरोबर फोड येत असतील, तर ते वेगळे आणि गंभीर प्रकार आहेत, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि लहानपणी स्वच्छ असलेल्या माणसाला चाळिशीत नव्याने खवले दिसायला लागले, तर तो घराण्यातला आजार समजू नका. वजन घटतंय का, गाठी आल्यात का, थायरॉइड, कुष्ठरोग, कुठे कातडी बधिर आहे का, हे सगळं बघावं लागतं. कुष्ठरोगाच्या उपचारातलं क्लोफॅझिमीनही कातडी काळपट-तपकिरी आणि खवल्यांची करतं, तेव्हा ते चालू असल्यास डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांकडे जाताना त्या सकाळी मुलाला काहीही लावू नका, नाहीतर खवले दिसणारच नाहीत. मागच्या थंडीतला फोटो असेल तर न्या, वापरलेली ट्यूब न्या, आणि शक्य असेल तर भावाला बरोबर न्या. मामा आणि भाचा शेजारी उभे राहिले की डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.